संपादित ग्रंथातील संदर्भसूची : एकरूपता कशाची?

एकाच लेखकाच्या ग्रंथातील संदर्भसूची आणि अनेक लेखकांनी मिळून सिद्ध केलेल्या संपादित ग्रंथातील संदर्भसूची यांत एक मूलभूत फरक असतो. एकटा लेखक आपल्या नोंदी एकाच सवयीने करतो, मग ती सवय चांगली असो वा वाईट. संपादकाच्या हाती मात्र बारा-चौदा जणांच्या बारा-चौदा सवयी येतात. कोणी आडनाव प्रथम लिहितो, कोणी नाव. कोणी प्रकाशनवर्ष कंसात देतो, कोणी नोंदीच्या शेवटी. स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांची ही विसंगती डोळ्यांना चटकन दिसते, म्हणून नवा संपादक आपली बहुतेक शक्ती तिच्यावरच खर्च करतो. वस्तुतः तिचे निवारण सोपे आहे. लेखन सुरू होण्यापूर्वीच ग्रंथ, लेख, अनुवाद आणि संपादित संहिता यांची एकेक नमुना नोंद सर्व लेखकांना पाठवली, तर तिचा मोठा भाग उद्भवतच नाही. कठीण प्रश्न पुढचा आहे. दोन प्रकरणांतील दोन नोंदी एकाच पुस्तकाच्या आहेत की दोन वेगळ्या पुस्तकांच्या, हे कसे ठरवायचे?

एक उदाहरण घेऊ. समजा, मराठी भाषेच्या इतिहासावरील चौदा प्रकरणांचा ग्रंथ आपण संपादित करीत आहात. तिसऱ्या प्रकरणाच्या सूचीत ‘ब्लॉक, ज्यूल (१९२०)’ अशी नोंद आहे. सहाव्या प्रकरणात ‘झ्यूल ब्लोख, मराठी भाषेचा विकास, १९४१’ असे लिहिले आहे. नववे प्रकरण ‘परांजपे, वा. गो. (१९४१), मराठी भाषेचा विकास’ असे म्हणते आणि अकरावे ‘ब्लॉक, जे., द फॉर्मेशन ऑफ द मराठी लँग्वेज, १९७०’ असे.

येथे संपादकाचे पहिले काम म्हणजे सर्व प्रकरणांच्या सूच्या एकत्र करून एकच मोठी यादी तयार करणे. प्रत्येक नोंदीसमोर ती ज्या प्रकरणातून आली त्याचा क्रमांक लिहावा, कारण पुढे दुरुस्ती त्या त्या प्रकरणात परत न्यायची असते. ही यादी प्रथम आडनावानुसार लावावी. तथापि आपल्या उदाहरणात एवढ्याने भागत नाही. तिसरी आणि अकरावी नोंद ‘ब’मध्ये शेजारी येतील, पण सहावी नोंद ‘झ’मध्ये जाईल, कारण त्या लेखकाने नाव आधी लिहिले आहे. नववी तर ‘प’मध्ये जाऊन बसेल. म्हणून तीच यादी दुसऱ्यांदा ग्रंथनामानुसार लावावी. आता सहावी आणि नववी नोंद एकाखाली एक येतात, आणि परांजपे हे लेखक नसून अनुवादक आहेत हे ध्यानात येते. संगणकाने कितीही मदत केली, तरी हे दोन क्रम लावून शेजारच्या नोंदी डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

आता या चार नोंदींमागे पुस्तके किती? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांचा मूळ ग्रंथ १९२० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१चा, आणि देवराज चानना यांचा इंग्रजी अनुवाद १९७०चा. म्हणजे नोंदी चार, पुस्तके तीन, आणि मूळ कृती एक. सहाव्या व नवव्या प्रकरणांच्या नोंदी एकाच स्वरूपात आणायच्या. अकरावी स्वतंत्र ठेवायची. नावाचे लिप्यंतर मात्र सर्वत्र एकच हवे : ब्लॉक ठरवले तर ब्लॉकच. ‘जे.’ हे आद्याक्षर ‘ज्यूल’ याच नावाचे असल्याने तेही एकरूप करण्यास हरकत नाही.

खरी अडचण तिसऱ्या प्रकरणाची आहे. लेखकाने १९२० हे वर्ष दिले आहे, पण मजकुरात उद्धृत केलेले वाक्य मराठीत आहे आणि अनुवादकाचे नाव कोठेच नाही. हे वाक्य लेखकाने फ्रेंचमधून स्वतः भाषांतरित केले, की परांजपे यांच्या अनुवादातून घेतले? मराठी अनुवाद काढून पाहावा. दिलेल्या पृष्ठावर तेच वाक्य त्याच शब्दांत आढळले, तर उत्तर स्पष्ट आहे. तरीही संपादकाने वर्ष परस्पर बदलू नये. लेखकाला नेमका प्रश्न पाठवावा : ‘आपण दिलेला पृष्ठक्रमांक कोणत्या पुस्तकातील आहे?’ ‘कृपया संदर्भ तपासावेत’ अशा मोघम विनंतीला बहुधा ‘तपासले आहेत’ असेच उत्तर येते. लेखकाने अनुवाद वापरल्याचे मान्य केल्यावर नोंद अशी होईल :

ब्लॉक, ज्यूल (१९४१). मराठी भाषेचा विकास. अनु. वा. गो. परांजपे. (मूळ फ्रेंच, १९२०.)

स्थळ व प्रकाशक शीर्षकपृष्ठावरून भरावेत. सूचीत वर्ष बदलले की प्रकरणाच्या मजकुरातील ‘(ब्लॉक १९२०)’ हेही ‘(ब्लॉक १९४१)’ झाले पाहिजे. ही दुसरी दुरुस्ती फार वेळा राहून जाते. या ग्रंथापुरती एक सोय मात्र आहे. ब्लॉक यांच्या विवेचनाला परिच्छेद-क्रमांक आहेत. पृष्ठाबरोबर तो क्रमांकही दिला, तर दुसऱ्या भाषेतील प्रत हाती असलेल्या वाचकालाही ते स्थळ सापडू शकते.

याच ग्रंथात ‘लीळाचरित्रा’चे उतारे आले, तर प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाची स्वतंत्र संपादने केली आहेत. त्यांतील पाठ आणि लीळांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत. तीन लेखकांनी तीन संपादने वापरली आहेत असे दिसताच सर्वत्र कोलते यांचेच संपादन नमूद करावे, असा मोह संपादकाला होतो. सूची त्यामुळे सुबक दिसेल, परंतु लेखकाने उद्धृत केलेले रूप त्या पृष्ठावर कदाचित नसेलच. भाषेच्या इतिहासात एका प्रत्ययाच्या रूपावर संपूर्ण प्रतिपादन उभे असू शकते, आणि तेव्हा वाचक लेखकालाच खोटा ठरवील. माझ्या मते येथे तिन्ही संपादने सूचीत ठेवावीत. एकरूपता नोंदीच्या रचनेत आणावी : सर्व नोंदी ‘लीळाचरित्र’ या नावाखाली, आणि मजकुरात ‘(लीळाचरित्र, संपा. कोलते, उत्तरार्ध, लीळा अमुक)’ असा उल्लेख. एका प्रकरणात म्हाइंभटांच्या नावाखाली आणि दुसऱ्यात संपादकाच्या नावाखाली नोंद असणे, ही विसंगती मात्र दूर केलीच पाहिजे.

सूची प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी द्यायची की ग्रंथाच्या शेवटी एकत्र, हा निर्णय आरंभीच व्हावा, कारण त्यावर पुढील काम अवलंबून असते. एकाच लेखकाच्या एकाच वर्षातील दोन लेखनांना आपण ‘१९६३अ’ आणि ‘१९६३आ’ अशी चिन्हे देतो. प्रकरणनिहाय सूचीत ही चिन्हे त्या प्रकरणापुरती असतात. तिसऱ्या प्रकरणातील ‘१९६३अ’ आणि आठव्यातील ‘१९६३अ’ ही भिन्न लेखने असली, तरी बिघडत नाही. एकत्रित सूचीत तसे चालत नाही. सर्व नोंदी निश्चित झाल्यावर चिन्हे नव्याने द्यावी लागतात आणि प्रत्येक प्रकरणाच्या मजकुरात ती बदलावी लागतात. म्हणून हे काम शेवटी करावे. आधी केले, तर एखादी उशिरा आलेली नोंद सगळा क्रम मोडते. मराठीत आडनावांची पुनरुक्ती हीही अशीच बाब आहे. एकत्रित सूचीत कृ. पां. कुलकर्णी आणि वा. ल. कुलकर्णी दोघेही असतील, तर मजकुरात नुसते ‘कुलकर्णी’ पुरत नाही. आद्याक्षरे तेथेही द्यावी लागतात.

अंतिम मुद्रितावर तपासणी दोन दिशांनी करावी. प्रथम मजकूर वाचत प्रत्येक उल्लेखासाठी सूचीतील नोंदीवर खूण करावी. ज्या उल्लेखाला नोंद नाही, तो लेखकाकडे पाठवावा. नंतर सूची पाहावी. जिच्यावर एकही खूण नाही, ती नोंद बहुधा लेखकाने वगळलेल्या परिच्छेदातून मागे राहिलेली असते. ती काढण्यापूर्वी मजकुरात त्याच आडनावाचा, पण वेगळ्या वर्षाचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्यावे. तसा उल्लेख आढळला, तर ती नोंद अनावश्यक नसून दोहोंपैकी एक वर्ष चुकलेले असण्याचा संभव अधिक असतो, आणि ते कोणते हे पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ पाहूनच ठरवता येते.