दराचा रकाना गेला कुठे?

आज वर्डमधला तक्ता कागदावर बसवू.

सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका घाऊक दुकानाचं चादर-टॉवेलचं दरपत्रक परवा पाहिलं. साधारण १४० ओळी आणि सात रकाने: क्रमांक, प्रकार, माप, रंग, वजन, गाठीतले नग, दर. मुनीमजींनी ते एक्सेलमधून उचलून वर्डमध्ये डकवलं आणि छापलं, तर दराचाच रकाना गायब! दुसऱ्या पानावर आणखी घोळ. तिथे मथळ्याशिवाय नुसतं ४५० दिसतं. ते ग्रॅम, की दुसरं काही? गिऱ्हाईक फोन करून विचारतं.

पहिला घोळ रुंदीचा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना २.५४ चा समास सोडला की मजकुराला उरतात १५.९२. एक्सेलमधून आलेले रकाने प्रत्येकी २.८ सेंटिमीटरचे, म्हणजे एकूण १९.६. शेवटचा रकाना कागदाबाहेर जाणारच. अशा वेळी अक्षरं बारीक करू नका, रकाने तेवढेच राहतात. तक्त्यात क्लिक करा, वर उजवीकडे येणाऱ्या `Layout` टॅबमध्ये `AutoFit` उघडा आणि `AutoFit Window` निवडा. तक्ता समासाच्या आत येतो. पुढे कागद आडवा केलात तरी तो त्या रुंदीनुसार पसरतो.

आता 'प्रकार' रकान्यात 'टर्किश टॉवेल' दोन ओळींत मोडेल. क्रमांकाला एवढी जागा कशाला? त्या दोन रकान्यांमधली रेघ डावीकडे ओढा. तक्त्याची उजवी बाहेरची कड मात्र ओढू नका. एकूण रुंदी पुन्हा बिघडते.

दुसरा घोळ मथळ्याचा. मथळ्याची ओळ निवडून त्याच टॅबमध्ये `Repeat Header Rows` दाबलं की प्रत्येक पानावर ती आपोआप येते. मुनीमजींनी ते करून पाहिलं, तरी मथळा येईना. कारण तक्त्याच्या पहिल्या ओळीत दुकानाचं नाव होतं आणि त्यांनी निवडली होती दुसरी. निवड पहिल्या ओळीपासूनच हवी. दोन्ही ओळी एकदम निवडल्या आणि काम झालं.

तरीही मथळा आला नाही, तर `Table Properties` मध्ये `Text wrapping` पाहा. तिथे `Around` असेल तर `None` करा. आणि तक्त्याच्या मध्येच कुणी Ctrl+Enter दाबून पान तोडलं असेल, तर ते काढा. वर्डने स्वतः पान उलटलं तरच मथळा पुन्हा येतो.

काही जण प्रत्येक पानावर मथळा हाताने टाइप करतात. मग वर चार ओळी वाढल्या की तो मथळा घसरत पानाच्या मध्यावर येतो. ओळखायची खूण सोपी: दुसऱ्या पानावरच्या मथळ्यात कर्सर नेऊन अक्षर बदलून पाहा. बदललं, तर तो हाताने टाकलेला आहे. खरा मथळा फक्त पहिल्या पानावर बदलता येतो.