‘गोड बातमी कधी?’ आत्याचा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. न दुखावता उत्तर कसं द्याल?

सोलापूर : लग्नाला वर्षही झालेलं नसतं. दिवाळीला ‘काही विशेष?’ अशी हळूच चौकशी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘पाळणा कधी हलणार?’ असं चारचौघींत विचारलं जातं. गड्ड्याच्या गर्दीत भेट झाली तर तिथेही तेच. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा जवळची आणि मायेचीच असते. म्हणून तर उत्तर देणं अवघड जातं.

समजा, भवानी पेठेतलं एक जोडपं आहे आणि मुलाची आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचा प्रश्न थांबत का नाही, हे तिला मिळालेल्या उत्तरांतच दिसतं.

‘बघू’ का चालत नाही?

पहिल्यांदा मुलगा हसून ‘बघू’ म्हणाला. आत्याच्या लेखी याचा अर्थ, महिन्याभराने पुन्हा विचारायला हरकत नाही. मग सून म्हणाली, ‘पुढच्या वर्षी.’ आता तर तारीखच मिळाली! पुढच्या वर्षी ती आठवणीने विचारणारच. तिसऱ्यांदा मुलाने पगाराचं कारण सांगितलं, तर ‘आमच्या वेळी एका मागाच्या कमाईवर पाच पोरं वाढली’ हे ऐकून घ्यावं लागलं. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो, उपाय सुचवता येतो. म्हणून कारण न देणं हेच बरं.

‘आम्ही दोन वर्षं थांबणार आहोत’ हे उत्तर खरं आणि सरळ वाटतं, पण त्यातही एक अडचण आहे. दोन वर्षांनी प्रयत्न सुरू झाले आणि दिवस राहायला वेळ लागला, तर तेव्हा काय सांगणार? आधी मोकळेपणाने बोलणारं जोडपं एकदम गप्प झालं की नातेवाईक बरोबर ओळखतात. गर्भपात झालेला असेल किंवा उपचार सुरू असतील, तर ते गप्प बसणं आणखी जड जातं. त्यामुळे उत्तर पहिल्यापासून असं हवं, की परिस्थिती बदलली तरी शब्द बदलावे लागू नयेत.

मग म्हणायचं काय?

‘आत्या, तुला आमची काळजी आहे, कळतं मला. पण हा विषय आम्ही दोघांनी आमच्यातच ठेवायचं ठरवलंय. सांगण्यासारखं झालं की आम्ही स्वतः येऊन सांगू. बरं, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?’

यात नकार आहे, पण तो माहिती देण्याला आहे, आत्याला नाही. शेवटचा प्रश्न तिच्याबद्दलचा आणि खरा हवा, नुसता विषय बदलण्यापुरता नको. ‘पहिला फोन तुलाच’ असंही म्हणता येईल, पण मग ते पाळावं लागेल. तीन आत्या असतील तर हे वाक्य टाळलेलंच बरं!

हे बोलायचं कुणी? ज्याची आत्या, त्याने. भाचा ‘तू’ म्हणून हक्काने जे बोलू शकतो, तेच ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या सुनेच्या तोंडून उद्धट वाटतं. स्वयंपाकघरात सून एकटी सापडली, तर तिने ‘आत्या, हे तुमच्या भाच्यालाच विचारा ना’ म्हणावं. फॅमिली ग्रुपवर प्रश्न आला तर तिथे उत्तर न देता आत्याला फोन करावा. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच शब्दांत. नवं कारण जोडलं की पुन्हा चर्चा सुरू झालीच.

‘डॉक्टरांना दाखवलं का?’

हा पुढचा प्रश्न ठरलेला. नियमित संबंध असूनही आणि कोणतंही गर्भनिरोधक न वापरताही 12 महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी, असा वैद्यकीय निकष आहे. पत्नीचं वय 35च्या पुढे असेल तर 6 महिनेच थांबावं. पाळी फार अनियमित असेल किंवा आधीचा काही आजार असेल, तर त्याआधीही जावं. तपासणी दोघांची होते. कारण पुरुषाकडेही असू शकतं. हे आत्याला पटवण्यासाठी नाही, दोघांनी आपल्यापुरतं माहीत असावं म्हणून.

आणि थांबणाऱ्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. शेजारच्या साताऱ्यात जिल्हा परिषदेने 2007 मध्ये नवविवाहितांसाठी ‘हनिमून पॅकेज’ योजना आणली होती. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000 आणि तीन वर्षं लांबवलं तर 7,500 रुपये मिळणार होते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. कधी कधी आत्या स्वतःसाठी विचारतच नसते. सासूबाईंना थेट विचारायला संकोच वाटतो आणि चौकशी नणंदेमार्फत होते. तसं असेल तर आत्याला कितीही छान उत्तर द्या, प्रश्न थांबणार नाही. मुलाने आधी आईशी बोलावं, घरी, दोघंच असताना.