चपलांचा बिल्ला आणि दीड जीबीची मैफल

एका संगीत संस्थेचा मी वर्गणीदार सभासद आहे. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं संस्था फक्त सभासदांसाठी खुली ठेवते आणि ती उतरवून घ्यायला रीतसर परवानगी देते. त्यातली एक सव्वादोन तासांची मैफल मला हवी होती. फाइल होती वेव्ह प्रकारची, म्हणजे आवाज न दाबता साठवलेली, आणि आकार जवळजवळ दीड जीबी. मी तेव्हा दापोलीजवळच्या घरी होतो आणि तिथे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. ब्राउझरनं तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अर्ध्याच्या पुढे जाऊन रेंज गेली आणि गाडी पुन्हा शून्यावर आली.

अशा वेळी कर्ल कामाला येतो. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचा हा छोटा प्रोग्रॅम स्वीडनचा डॅनिएल स्टेनबर्ग 1998 पासून सांभाळतो आहे. तुटलेलं डाउनलोड तुटलेल्या जागेपासून पुढे नेण्यात त्याचा हातखंडा आहे. मी फाइलचा पत्ता त्याला दिला. एका सेकंदात काम फत्ते, चुकीचा एकही संदेश नाही आणि फोल्डरमध्ये `mehfil.wav` हजर. आकार पाहिला तर 9,312 बाइट, म्हणजे जेमतेम नऊ केबी. एवढ्यात तंबोरासुद्धा जुळत नाही. फाइलची पहिली अक्षरं पाहिली:

```
head -c 60 mehfil.wav
```

उत्तराची सुरुवात होती `<!DOCTYPE html>`. खऱ्या वेव्ह फाइलची सुरुवात `RIFF` या चार अक्षरांनी होते. माझ्याकडे आलं होतं ते संस्थेचं लॉगिनचं पान, नाव मात्र मैफलीचं. कर्लची यात चूक नव्हती. 'तुम्ही कोण?' असं विचारणारं पान सर्व्हरनं व्यवस्थित पाठवलं आणि त्यानं ते इमानदारीनं जपून ठेवलं.

ब्राउझरमध्ये मी लॉगिन केलेलं असताना कर्लला पुन्हा का विचारलं? वेबची मूळ भाषा जी एचटीटीपी, तिला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक मागणी सर्व्हरला नवीच वाटते, मागची मागणी कोणाची होती हे तो विसरलेला असतो. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यानं 1994 मध्ये यावर तोडगा काढला. सर्व्हरनं एक छोटीशी खूण द्यायची, ब्राउझरनं ती सांभाळायची आणि त्या साइटकडे जाताना दर वेळी दाखवायची. तीच कुकी.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा पत्र्याचा बिल्ला आठवा. सांभाळणारा तुमचं नाव लिहून घेत नाही. परत आल्यावर जो बिल्ला दाखवेल त्याला त्या खणातल्या चपला मिळतात. लॉगिन करताना आपण पासवर्ड आणि ओटीपी एकदाच देतो आणि त्याच्या बदल्यात असा एक बिल्ला मिळतो. माझा बिल्ला ब्राउझरच्या खिशात होता. कर्ल रिकाम्या हातानं गेला, म्हणून दारातून परत आला.

तेव्हा बिल्ला त्या खिशातून काढून कर्लच्या हाती द्यायचा. त्यासाठी ब्राउझरला जोडायची छोटी एक्स्टेन्शन्स मिळतात, ती कुकीज `cookies.txt` नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून देतात. या फाइलची मांडणी नेटस्केपच्या काळातली आहे. नेटस्केप कधीच गेला, त्याचा वारस फायरफॉक्ससुद्धा 2008 पासून कुकीज वेगळ्या प्रकारच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, पण डाउनलोडर मंडळींची बोली अजून तीच आहे. माझ्या फाइलमधली कामाची ओळ अशी होती (संस्थेचा पत्ता आणि बिल्ल्याचा आकडा अर्थातच बदलला आहे):

```
#HttpOnly_.example.org	TRUE	/	TRUE	1798741800	sid	9f3c07ab
```

यात सात रकाने आहेत. कोणत्या साइटसाठी, तिच्या उपपत्त्यांनाही चालेल का, कोणत्या फोल्डरपासून पुढे, फक्त सुरक्षित जोडणीवरच पाठवायची का, मुदत, नाव आणि शेवटी प्रत्यक्ष बिल्ल्याचा क्रमांक. मुदतीचा तो लांबलचक आकडा म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद. इथे तो आपल्या वेळेप्रमाणे 31 डिसेंबर 2026 ची मध्यरात्र दाखवतो. रकान्यांच्या मध्ये टॅब हवा. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला आणि टॅबच्या जागी स्पेस पडल्या की ती ओळ बाद होते. सुरुवातीचं `#HttpOnly_` हेही फसवं आहे. अशा फाइलींत `#` ची ओळ म्हणजे शेरा, म्हणून काही साधनं नेमकी लॉगिनची कुकीच वगळून टाकतात. कर्ल तिला बरोबर ओळखतो.

फाइल तयार झाल्यावर मी एक शहाणपणा केला, जो मला सायबर कॅफेच्या दिवसांपासून जडला आहे. काम झालं की लॉगआउट. मग कर्ल चालवला आणि पुन्हा तेच नऊ केबीचं पान. मुदत तर 2026 च्या अखेरीची होती! घोळ असा की ती तारीख ब्राउझरसाठी असते, बिल्ला कधी फेकायचा हे त्याला कळावं म्हणून. सर्व्हर आपली वही वेगळी ठेवतो. मी लॉगआउट दाबलं तेव्हा त्यानं त्या वहीतला माझा खण खोडून टाकला. बिल्ल्यावरचा आकडा शाबूत होता, पण खणच उरला नव्हता.

पुन्हा लॉगिन केलं, नवी फाइल काढली आणि या वेळी लॉगआउट न करता आज्ञा दिली:

```
curl -L -C - -b cookies.txt -o mehfil.wav \
 "https://sabhasad.example.org/f/mehfil-07.wav"
```

`-b` म्हणजे हा बिल्ला घे. `-L` म्हणजे सर्व्हरनं दुसरीकडे पाठवलं तर तिकडे जा. `-C -` म्हणजे आधी काही उतरलेलं असेल तर त्याच्या पुढून सुरू कर. एक लक्षात ठेवा, कुकी फाइलचं नाव लिहिताना अक्षर चुकलं तरी कर्ल थांबत नाही. ती फाइल सापडली नाही म्हणून गप्प बसतो आणि बिल्ल्याशिवायच जातो.

या वेळी आकडे सरसर पळू लागले. दीड तासानं फाइल पूर्ण झाली आणि मी आकार ताडून पाहिला. सीडीच्या दर्जाच्या दोन वाहिन्यांच्या आवाजाला सेकंदाला 1,76,400 बाइट लागतात. सव्वादोन तास म्हणजे 8,100 सेकंद. गुणाकार 1,42,88,40,000, त्यात वरच्या माहितीचे 44 मिळवले की 1,42,88,40,044. फाइल बरोबर तेवढीच होती, एका बाइटचाही फरक नाही. आनंदानं वाजवायला गेलो तर प्लेअर म्हणाला, ही फाइल मला ओळखता येत नाही.

डोकं खाजवायला अर्धा तास गेला. आधीची खोटी `mehfil.wav` मी पुसलीच नव्हती. कर्लनं पाहिलं, 9,312 बाइट आधीच आहेत. त्यानं सर्व्हरकडे त्यापुढचे बाइट मागितले आणि इमानदारीनं खाली जोडले. म्हणजे धड मैफलीचं आणि डोकं लॉगिनच्या पानाचं. आकार जुळणारच होता, कारण जेवढं खोटं तेवढंच खरं गाळलं गेलं होतं. तेव्हा आकार आणि पहिली चार अक्षरं, दोन्ही तपासायची. शिवाय बिल्ला बदलला की जुनी अर्धवट फाइल उघडून पाहायची. पुढे जोडायचं, पण खऱ्या तुकड्यालाच.

खोटी फाइल पुसून रात्री पुन्हा सुरुवात केली. साठ टक्क्यांवर रेंज गेली आणि मी झोपलो. सकाळी तीच आज्ञा दिली तर कर्लनं 33 क्रमांकाची चूक दाखवली. सर्व्हरला मधल्या भागापासून फाइल देता येत नाही, असा तिचा अर्थ. पण काल तर देत होता. खरं कारण असं की सर्व्हर ओळख तपासतो ती मागणी सुरू होताना. एकदा प्रवाह सुरू झाला की तो मध्ये अडवत नाही. सकाळची मागणी नवी होती, रात्रभरात माझं लॉगिन सर्व्हरनं मिटवलं होतं आणि त्यानं लॉगिनचं पान अगदी पहिल्या अक्षरापासून पाठवलं. कर्लला हवा होता मधला तुकडा. त्यानं ते पान न जोडता माघार घेतली, हे माझं नशीब. नवं लॉगिन, नवी `cookies.txt`, तीच आज्ञा, आणि उरलेले चाळीस टक्के उतरले. सुरुवात `RIFF`, आकार बरोबर, आणि प्लेअरमधून तंबोरा.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. काही साइट बिल्ल्यासोबत ब्राउझरचं नाव किंवा इंटरनेटचा पत्ताही पडताळतात, काही दर थोड्या मिनिटांनी बिल्ला बदलतात. आणि जिथे फाइल कुलूपबंद स्वरूपातच येते तिथे कुकी नेऊन काही उपयोग नाही, ते कुलूप वेगळं आहे. संस्थेच्या अटींत अशा साधनांना मनाई असेल तर वर्गणी भरली म्हणून ती मोडायचा हक्क मिळत नाही.

मला खरी भीती वाटते ती त्या साध्या मजकुराच्या फाइलची. चप्पल स्टँडवाला नाव विचारत नाही, हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका. `cookies.txt` ज्याच्या हाती लागेल तो पासवर्ड किंवा ओटीपी न देता तुमच्या नावानं आत जाऊ शकतो. कुकीज उतरवणारं एक्स्टेन्शनच त्या गुपचूप बाहेर पाठवत असेल तर विचारायलाच नको. म्हणून एक्स्टेन्शन बघून-सवरून निवडा आणि संपूर्ण ब्राउझरच्या कुकीज उतरवू नका, त्यात तुमच्या ईमेलचा बिल्लाही येतो. फक्त त्या एका साइटच्या घ्या. ती फाइल मदत मागताना कोणाला व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. आणि काम संपलं की आधी साइटवर जाऊन लॉगआउट करा, मग फाइल पुसा. नुसती फाइल पुसली तर तिची एखादी प्रत कुठे राहिली असेल, ती सर्व्हरच्या वहीत खण असेपर्यंत चालतच राहते.