नळीतून निघालं ते नेमकं काय?

बिस्किटाच्या पुड्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तीत ‘फुगवणारे पदार्थ’ या सदरात पुष्कळदा 503(ii) असा आकडा दिसतो. तो अमोनिअम बायकार्बोनेटचा क्रमांक. दिसायला साधी पांढरी पूड, पण डब्याचं झाकण उघडलं की नाकात झणका बसतो. परीक्षानळीत वायू ओळखायला शिकायचं असेल, तर माझ्या मते हिच्याइतकी चांगली वस्तू नाही. कारण ती तापवली की एकाच वेळी दोन वायू निघतात, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. दोघांनाही रंग नाही. एकाचा वास इतका तीव्र, की दुसरा तिथे आहे याची शंकाही येत नाही.

यातला बिनवासाचा आधी घेऊ. कार्बन डायऑक्साइडची खूण पटवायला चुन्याची निवळी लागते. भिजवलेला चुना, अगदी विड्याच्या पानाला लावतात तोसुद्धा चालेल, भरपूर पाण्यात ढवळायचा, भांडं झाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यायचं. लिटरभर पाण्यात चुना विरघळतो तो जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास. बाकीचा तळाशी बसतो. या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की विरघळलेल्या चुन्याचं कॅल्शिअम कार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पांढरे कण तरंगू लागतात आणि निवळी दुधाळ दिसते. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकाच्या मध्यावर याच निवळीच्या आधाराने दाखवून दिलं, की चुनखडीतून निघणारा वायू हा साध्या हवेहून वेगळा आहे आणि तोच आपल्या उच्छ्वासातही असतो.

प्रयोगशाळेत हे करताना कोरड्या नळीत चिमूटभर पूड घेतात, त्यावर दोनेक मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात आणि वाकडी काचनळी बसवलेलं बूच लगेच लावतात. काचनळीचं दुसरं टोक निवळीत बुडालेलं असतं. बुडबुडे येतात, निवळी दुधाळ होते, विद्यार्थी वहीत ‘कार्बोनेट’ लिहून मोकळा होतो. पण वायू सोडत राहिलं, तर काही वेळाने तीच निवळी पुन्हा नितळ होते. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शिअम कार्बोनेटचं बायकार्बोनेट बनतं आणि ते पाण्यात विरघळतं. म्हणजे ज्याचं लक्ष मधल्या अर्ध्या मिनिटात दुसरीकडे गेलं, त्याला शेवटी नितळ पाणी दिसेल आणि तो वायू नव्हताच असं लिहील. अशा वेळी ते नितळ पाणी उकळून पाहावं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि गढूळपणा परत येतो.

दुसरा घोटाळा आम्लाचा. संहत आम्ल घेतलं किंवा नळी फार तापवली, तर हायड्रोजन क्लोराइडची वाफही निवळीत जाते आणि तिथला चुनाच मारून टाकते. मग कार्बन डायऑक्साइड कितीही आला, तरी दुधाळपणा दिसत नाही. तिसरी अडचण खुद्द निवळीची. उघड्या बाटलीत ती हवेतलाच कार्बन डायऑक्साइड घेत राहते, वर पातळ पांढरी साय धरते आणि हळूहळू निकामी होते. म्हणून परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा काचनळीतून निवळीत फुंकर मारून पाहावी. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो. तेवढ्यानेही ती पांढुरकी झाली नाही, तर ती निवळी ओतून द्यावी. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. चुन्याचं पाणी तोंडात जायला नको.

एवढं सांभाळूनही एक तोतया उरतो. सल्फर डायऑक्साइडसुद्धा निवळी दुधाळ करतो आणि जास्त झाला की पुन्हा नितळही करतो. त्याला जळत्या गंधकाचा घुसमटवणारा वास असतो, पण नुसत्या नाकावर भिस्त ठेवू नये. आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये बुडवलेला नारिंगी कागद नळीच्या तोंडाशी धरला, तर सल्फर डायऑक्साइड त्याला हिरवा करतो. कार्बन डायऑक्साइड त्या कागदाला काहीही करत नाही. निवळी दुधाळ झाली आणि कागद नारिंगीच राहिला, या दोन्ही गोष्टी मिळाल्यावरच कार्बन डायऑक्साइडचं नाव घ्यावं. (डायक्रोमेट विषारी आहे, तेव्हा कागद चिमट्यात धरलेला बरा.)

आता झणका देणारा. लिटमसचा लाल कागद ओला करून नळीच्या तोंडाशी धरला की अमोनियामुळे तो निळा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत भेटणाऱ्या वायूंमध्ये आम्लारिधर्मी असा हा एकटाच, म्हणून ही चाचणी इतकी भरवशाची. कागद ओलाच हवा, कारण वायू पाण्यात विरघळल्यावरच लिटमसवर त्याचा परिणाम दिसतो. लिटमस नसेल तर हळदीचं पाणी लावून वाळवलेला कागद चालतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकवामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ओल्या हळदकागदाला अमोनियाही तसाच लालसर करतो. मात्र कागद थोडा वेळ हवेत धरला की अमोनिया उडून जातो आणि रंग पुन्हा पिवळ्याकडे वळतो. चुन्याचा डाग असा परत जात नाही. हा फरक कामाचा आहे. कारण अमोनिया सोडवायला पुडीत सोडिअम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालून नळी तापवावी लागते आणि उकळताना त्या द्रावणाचे बारीक थेंब उडतात. असा एक थेंब कागदावर पडला किंवा कागद काचेच्या ओल्या काठाला टेकला, तर अमोनिया नसतानाही तो निळा किंवा लाल होणारच. खऱ्या अमोनियाने कागदाचा सगळा ओला भाग एकसारखा रंगतो, थेंबाने ठिपका पडतो.

खात्री करायला संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी आणतात. दाट पांढरा धूर दिसतो. तो नवसागराचा, म्हणजे अमोनिअम क्लोराइडचा. पण संहत आम्ल दमट हवेत स्वतःच थोडं धुरकटतं. तेव्हा कांडी आधी नळीपासून लांब धरून तिचा स्वतःचा धूर किती ते बघून घ्यावं.

आता ती पूड नळीत घालून कोरडीच तापवली तर काय होईल? ७९ ग्रॅम अमोनिअम बायकार्बोनेटमधून १७ ग्रॅम अमोनिया, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८ ग्रॅम पाण्याची वाफ निघते. बेरीज पुन्हा ७९, म्हणजे मागे काही उरत नाही. अर्धा ग्रॅम पूड घेतली तरी प्रत्येक वायू दीडशे मिलिलिटरच्या आसपास निघतो आणि साधी नळी तर वीस-पंचवीस मिलिलिटरची. वर थंड काचेवर दोन्ही वायू पाण्याच्या साक्षीने पुन्हा एकत्र येतात आणि पांढरं कडं धरतं. तोंडाशी धरलेला लिटमस निळा होतो, निवळीही दुधाळ होते. दोघे आहेत हे कळतं, पण सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं.

हे वेगळं करायची युक्ती अशी, की दोन नळ्या घ्यायच्या आणि प्रत्येकीत एका वायूला अडवून धरायचं. पहिल्या नळीत विरल आम्ल टाकलं की अमोनिया आम्लातच अडकतो, बाहेर येतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड. दुसरीत सोडिअम हायड्रॉक्साइड घालून तापवलं की कार्बन डायऑक्साइड द्रावणात अडकतो आणि फक्त अमोनिया सुटतो. अभिकर्मक वायू बाहेर काढतो एवढंच आपण शिकतो. तो दुसऱ्याला कोंडूनही ठेवतो, हे पुस्तकात क्वचितच ठळकपणे सांगितलेलं असतं.

कोरडं तापवताना एक धोका असतो. काचनळी निवळीत असतानाच दिवा काढला, तर नळीतला वायू थंड होऊन आक्रसतो. अमोनिया तर पाण्यात भराभर विरघळतो. मग थंड निवळी सुर्रकन उलटी वर चढते आणि गरम काच तडकते. आधी काचनळी निवळीतून बाहेर, मग दिवा बाजूला, हा क्रम चुकवू नये.

बिस्किटवाल्यांना ही पूड का आवडते तेही यातूनच कळतं. खाण्याचा सोडा तापला की धुण्याच्या सोड्यासारखा क्षार मागे ठेवतो आणि तो जास्त झाला तर चव बिघडते. ही पूड काही ठेवत नाही. पण बिस्किट पातळ आणि कोरडं हवं. जाड, ओलसर केकमध्ये अमोनिया पाण्यात विरघळून आतच राहतो आणि घास घेताना कळतो.

क्लोरीन मात्र या पुडीतून येत नाही. तो मिळतो संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मँगनीज डायऑक्साइड एकत्र तापवल्यावर; स्वीडनच्या शीलने १७७४ मध्ये तो असाच मिळवला होता. हिरवट पिवळा, हवेच्या सुमारे अडीचपट जड आणि फुप्फुसांना जाळणारा. म्हणून काम थेंबांत आणि धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचं. ओला निळा लिटमस आधी लाल होतो आणि मग पांढरा पडतो. हायड्रोजन क्लोराइड फक्त लाल करून थांबतो, त्यामुळे कागद घाईने काढून घेतला तर दोघांत गल्लत होते. स्टार्च आणि पोटॅशिअम आयोडाइडचा कागद क्लोरीनने निळा-काळा होतो खरा, पण ब्रोमिन आणि नायट्रोजन डायऑक्साइडही तेच करतात. शिवाय क्लोरीन फार झाला तर तो निळा रंगही उडतो. लिटमस पांढरा पडणं आणि वायूचा हिरवट रंग, या जोडीवर मी जास्त विसंबेन.

हायड्रोजनची चाचणी सगळ्यांना आवडते, कारण तीत आवाज होतो. जस्ताचे तुकडे आणि विरल आम्ल. तुकडे फार शुद्ध असून बुडबुडे रेंगाळत असतील, तर मोरचुदाच्या द्रावणाचा एखादा थेंब. वायू दुसऱ्या नळीत, ती उपडी धरून गोळा करायचा, कारण तो हवेपेक्षा चौदापट हलका आहे. मग अंगठ्याने तोंड बंद करून नळी मूळ उपकरणापासून लांब न्यायची आणि पेटती काडी तोंडाशी धरायची. ‘फट्’ असा आवाज येतो तो हायड्रोजन आणि हवेच्या मिश्रणाचा. नळीत नुसता शुद्ध हायड्रोजन असेल, तर तो तोंडाशी शांतपणे, जवळजवळ न दिसणाऱ्या ज्योतीने जळतो. काळजीपूर्वक, नळी काठोकाठ भरून घेणाऱ्या विद्यार्थ्याचीच चाचणी त्यामुळे कधी कधी फसल्यासारखी वाटते. त्याने नवी नळी घ्यावी, ती अर्धीच भरावी आणि बाकी हवा तशीच राहू द्यावी. आवाज येईल, आणि काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचं धुकंही दिसेल.