मनगट लुळे पडते तेव्हा

खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेल्या माणसाला कधीकधी सकाळी मनगट उचलता येत नाही, बोटे सरळ होत नाहीत. दंडाच्या हाडाला लगटून जाणारी रेडियल नस दबलेली असते. कोपराखालच्या हाताच्या मागच्या बाजूचे, मनगट आणि बोटे उचलणारे स्नायू तिच्यावरच चालतात. पुढच्या बाजूच्या, मूठ वळणाऱ्या स्नायूंना मुख्यतः मीडियन आणि थोड्या अंशी अल्नर नस चालवते. ते शाबूत असूनही पकड ढिली पडते, कारण मनगट सावरलेले नसेल तर मूठ घट्ट होत नाही. डॉक्टरांनी मनगटाला आधार दिला की पकड सुधारते.

तळहात पालथा करताना रेडियस हे हाड अल्नावरून तिरके फिरते. हे काम मीडियन नसेचे, म्हणून ते जमते. उताणा करणारा सुपिनेटर रेडियल नसेचा, तो कमजोर होतो. तरी कोपर वाकवल्यावर तळहात उताणा होतो, कारण दंडातला बायसेप्स वेगळ्या नसेवर चालतो.

अशी दबलेली नस बहुधा काही आठवड्यांत सावरते. मात्र सोबत चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळले, तर तत्काळ रुग्णालय गाठा.