ब्लाउज ऑनलाइन, माया किती?

साडी ऑनलाइन निवडणं आता अवघड राहिलेलं नाही. रंग, काठ, पदर स्क्रीनवर बघायचा, पैसे भरायचे, चार-आठ दिवसांत पार्सल दारात. अडचण सुरू होते ती ‘ब्लाउज शिवून हवा आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यावर. समोर एक तक्ता उघडतो: छाती, कंबर, उंची, शोल्डर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. गल्लीतला टेलर ही मापं स्वतः घेतो, अंगकाठी बघतो, ‘मागच्या वेळी मुंढा काचत होता का?’ असं विचारतो. ऑनलाइन टेलरच्या हातात मात्र फक्त आठ-दहा आकडे असतात, आणि ते आकडे नेमके कशाचे आहेत हे सांगायला तिथे कोणी नसतं.

ब्लाउज बिघडण्याचं एक मोठं कारण नेमकं इथे असतं. ‘छाती 36’ या आकड्याचे दोन अर्थ होतात. एक, अंगाभोवती टेप धरून आलेलं माप. दुसरा, शिवून तयार ब्लाउजचं माप. हे दोन सारखे नसतात. श्वास घेता यावा, हात हलवता यावा म्हणून टेलर अंगाच्या मापात साधारण एक ते दोन इंच सैलपणा धरतो. म्हणजे 36 छातीच्या बाईचा नीट बसणारा ब्लाउज प्रत्यक्षात 37 ते 38 इंचांचा असतो.

समजा, एका बाईंनी लग्नासाठी पैठणी मागवली आणि तक्त्यात अंगावर घेतलेलं 36 हे माप भरलं. विक्रेत्याची पद्धत तयार ब्लाउजचं माप घेण्याची असेल, तर तिथला टेलर बरोबर 36 इंचांचा ब्लाउज शिवेल. तो अंगात जाईल, पण हूक लागताना ओढ बसेल आणि दोन हुकांच्या मधे फट दिसेल. आता उलटं बघू. बाईंनी जुना, छान बसणारा ब्लाउज टेबलावर पसरला, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत 19 इंच मोजले, दुप्पट करून 38 लिहिले. विक्रेता मात्र हे अंगाचं माप समजला आणि त्याने आणखी दोन इंच वाढवले. ब्लाउज 40 चा झाला आणि काखेत झोळ पडला. दोन्ही वेळा बाईंनी टेप नीट धरली होती आणि टेलरनेही दिलेल्या आकड्याप्रमाणेच कात्री चालवली होती.

म्हणून तक्ता भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारायचं: ही मापं अंगाची हवीत की ब्लाउजची? आणि ‘विशेष सूचना’ची जागा असेल तर तिथे स्वतःहूनही लिहायचं, ‘ही सर्व मापं अंगावर घेतलेली आहेत, सैलपणा धरलेला नाही’ किंवा ‘ही बसणाऱ्या ब्लाउजची मापं आहेत, वाढवू नयेत’. दोन्हींची सरमिसळ करू नये. छाती अंगावरची आणि मुंढा जुन्या ब्लाउजचा, असं झालं की बाही आणि काख यांचा मेळ बसत नाही.

ज्यांना निवड आहे त्यांनी ब्लाउजची मापं द्यावीत. आपलं माप आपणच घेताना हात वर जातात, पाठीमागे टेप खाली घसरते आणि आकडा चुकतो. बसणारा ब्लाउज मात्र टेबलावर निपचित पडून राहतो. त्याला इस्त्री करायची, हूक लावायचे, आणि ताणाताण न करता मोजायचं. कापडी टेप जुनी असेल तर ताणून लांबलेली असते, तेव्हा ती आधी स्टीलच्या पट्टीशी पडताळून बघावी. काही विक्रेते मापाचा ब्लाउज कुरिअरने मागवून घेतात. ती सोय असेल तर तीच घ्यावी.

सगळी मापं सारख्या जोखमीची नसतात, हे फार कमी जणी लक्षात घेतात. छाती, कंबर, दंडाचा घेर ही मापं चुकली तर सावरता येतात, कारण ती बाजूच्या शिवणीवर अवलंबून असतात. गळा, शोल्डर, मुंढा आणि उंची इथे मात्र एकदा कात्री लागली की परतीचा रस्ता जवळपास बंद होतो. गळा सात इंचांचा आठ करता येतो, आठाचा सात होत नाही. मुंढा लहान असेल तर पुढून काचतो, तो खोल करता येतो. मुंढा आधीच खोल गेला असेल तर हात वर केला की सगळा ब्लाउज वर चढतो, आणि त्यावर सोपा उपाय नाही. टक्सच्या टोकाचंही असंच. खांद्यापासून ते टोक किती खाली हवं, हे माप साधारण नऊ ते साडेदहा इंचांच्या दरम्यान येतं. ते अर्धा इंच जरी चुकलं, तरी टोक भलत्याच जागी उठतं आणि खाली चुण्या पडतात. तक्त्यात हे माप मागितलेलं नसलं तरी सूचनेत लिहावं. गळ्याच्या बाबतीत शंका असेल तर कमी खोलीचा आकडा द्यावा.

सावरता येणारी मापं सावरतात ती मायेवर. शिवणीच्या आत टेलर जे जास्तीचं कापड ठेवतो, ती माया. अल्टरचं सगळं गणित तिच्यात आहे. बाजूच्या शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन भाग जोडलेले असतात. टीप अर्धा इंच बाहेर सरकवली की दोन्ही भागांचा मिळून एक इंच सुटतो, आणि दोन्ही बाजू धरून दोन इंच. वरच्या उदाहरणात 36 चा झालेला ब्लाउज 38 चा करायला म्हणून फक्त अर्धा इंच माया पुरते, आणि टीप धरून राहायला आणखी पाव इंच. एवढीही माया नसेल तर तो ब्लाउज कपाटातच राहणार.

हेच गणित तयार ब्लाउजच्या जाहिरातीलाही लावून बघता येतं. ‘36 साइज, 42 पर्यंत वाढवता येईल’ असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. सहा इंच वाढवायचे तर शिवणीत जवळपास पावणेदोन इंच माया हवी. ती ठेवलेली असतेही. पण वाढते ती फक्त बाजू. शोल्डर, गळा आणि टक्स 36 च्याच मापाचे राहतात. त्यामुळे दोन-तीन इंचांपर्यंतची वाढ शोभून दिसते, त्यापुढे ब्लाउज अंगाला पुरतो पण बसत नाही.

माया किती राहील हे कापडावरही ठरतं. साडीसोबतचा ब्लाउजपीस बहुतेक वेळा 80 सेंटिमीटरचा असतो. मध्यम मापाला आणि आखूड बाहीला तो पुरतो. कोपरापर्यंत बाही हवी असेल, बाहीला पैठणीचा काठ हवा असेल आणि माप मोठं असेल, तर कापडाची ओढाताण होते, आणि अशा वेळी टेलर सगळ्यात आधी मायेला कात्री लावतो. ऑर्डर देतानाच विचारावं: या मापात, या बाहीत, दोन्ही बाजूंना किमान एक इंच माया राहील का? अस्तरातही तेवढीच ठेवणार का? कारण वरच्या कापडात माया आहे आणि अस्तर मात्र शिवणीलगत कापलेलं, असा ब्लाउज उसवल्यावर उपयोगाचा राहत नाही. अस्तर सुती असेल तर ते आधी भिजवून, आटवून घेतलं आहे का, हेही विचारावं. न भिजवलेलं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड गोळा होतं.

रेशमी कापडाची आणखी एक गोष्ट आहे. त्यावरची टीप उसवली की सुईची भोकं आणि जुन्या शिवणीची रेघ बऱ्याचदा दिसत राहते. म्हणजे पैठणीचा ब्लाउज सैल करण्यापेक्षा घट्ट करणं केव्हाही बरं, कारण घट्ट करताना जुनी रेघ आत जाते. दोन आकड्यांमध्ये मन अडकलं तर रेशमासाठी मोठा आकडा निवडावा, आणि ब्लाउज समारंभाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी हातात पडेल असं बघावं. परदेशात राहणाऱ्या मराठी बायकांना तर हे जास्तच लागू आहे. ब्लाउज अल्टरसाठी भारतात परत पाठवणं परवडत नाही, आणि तिथे साडीचा ब्लाउज उसवून शिवणारा टेलर सहज मिळेलच असं नाही. त्यांनी माया दीड इंच मागावी आणि उरलेली चिंधीसुद्धा पार्सलमध्ये टाकायला सांगावी. काखेत पाचर घालायची वेळ आली तर तीच कामाला येते.

पार्सल आल्यावर पहिलं काम ब्लाउज घालून बघण्याचं नाही, मोजण्याचं. टेबलावर पसरून, टेप लावून छाती, उंची, शोल्डर, गळा तपासावा आणि टेपसकट फोटो काढावेत. आकडे ऑर्डरप्रमाणे असतील आणि तरीही बसत नसेल, तर माप देताना चूक झाली आहे, आणि ‘शिवलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही अट तिथे लागू पडते. आकडेच वेगळे असतील तर गोष्ट बदलते. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार सदोष किंवा ठरल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि तिचं निवारण एका महिन्यात व्हायला हवं. दाद लागली नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र त्याआधी स्थानिक टेलरकडून एकही टीप उसवून घेऊ नये. एकदा उसवलं की मूळ माप काय होतं हे दाखवायला पुरावा उरत नाही. काही विक्रेते स्थानिक अल्टरचा खर्च देतात, पण तोही फोटो पाहून आणि आधी विचारलं तरच.

तेव्हा पैसे भरण्याआधी चार प्रश्न लेखी विचारा: मापं अंगाची की ब्लाउजची? माया किती? अस्तर भिजवलेलं आहे का? माप चुकवून शिवलं तर अल्टर कोणाच्या खर्चाने? चारही उत्तरं स्पष्ट आली तर शिलाई बिनधास्त तिथेच द्या. एकाचं जरी उत्तर टाळलं गेलं, तर साडी मागवा, ब्लाउजपीस न शिवता घ्या आणि तुमच्या नेहमीच्या टेलरकडे टाका.