मोकळा उपमा

आपल्या घरचा उपमा कांदा, आले, बटाटा यांविना होतो. त्यामुळे त्यात रव्याचे दोष झाकण्यास काहीच उरत नाही. गुठळी असो वा चिकटपणा, पहिल्याच घासाला कळतो.

उपम्यासाठी जाडा रवा घ्यावा. बारीक रवा चटकन लगदा होतो. रवा प्रथम चाळून व निवडून, नंतर एक वाटी रव्यास दोन मोठे चमचे तूप घालून मंद आचेवर भाजावा. आठ-दहा मिनिटे तरी लागतात आणि घाई इथेच नडते. तुपाचा पातळ लेप कणाकणावर बसला, की कण एकमेकांस धरत नाहीत. रवा उलथन्यावरून कोरड्या वाळूसारखा सुटा घसरू लागला आणि खमंग वास आला, म्हणजे झाला. रंग पालटण्याची वाट पाहू नये. तो लगेच ताटात काढावा, कारण गरम कढईत तळाचा रवा करपतो.

त्याच कढईत थोड्या तुपावर मोहरी, उडीद डाळ, हिंग, मिरची व कढीलिंबाची फोडणी करावी. मग रवा मोजलेल्याच वाटीने अडीच वाट्या पाणी घालावे. डब्यातून दुकानी न्यायचा असेल तर हेच प्रमाण ठेवावे, कारण निवताना उपमा आणखी आळतो. लगेच खायचा आणि अधिक मोकळा हवा असेल तर दोन वाट्या पुरतात. टोमॅटो घातल्यास त्याच्या रसाइतके पाणी कमी करावे. मीठ व साखर पाण्यातच विरघळवावी.

आता क्रमाचा प्रश्न. पुष्कळ घरी पिण्याचे पाणी उकळून गाळून ठेवलेले असते, म्हणून तेच ओतले जाते. पण ते निवलेले असते. कढईत त्याला पुन्हा खळखळ उकळी यायला हवी. मग आच मंद करून एका हाताने रव्याची बारीक धार सोडावी व दुसऱ्याने ढवळत राहावे. रवा एकदम ओतला, तर ढिगाचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो, आत पाणी शिरू देत नाही आणि कोरडी गुठळी तशीच राहते. तशी झालीच, तर गरम असतानाच उलथन्याच्या पाठीने कढईच्या कडेवर दाबून फोडावी.

पाणी शोषले गेले, की ढवळणे थांबवावे. शिजलेला रवा पुनःपुन्हा घाटल्यानेच बहुधा चिकटतो. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटे वाफ द्यावी, आच बंद करून तितकाच वेळ तसाच राहू द्यावा. लिंबू पिळून, चमचाभर तूप सोडून तो हलक्या हाताने मोकळा करावा. तरीही चिकट वाटला तर परातीत पसरावा. वाफ निघून जाताच पुष्कळसा सुटतो. डब्यात मात्र पूर्ण वाफ गेल्यावरच भरावा, नाहीतर झाकणाखाली जमलेले पाणी गळून दुपारपर्यंत त्याचा गोळा होतो.